बेचाळीस रेघा

पत्र्यावर पहार पडल्याचा आवाज मला वस्तीच्या खालच्या वळणावरच ऐकू आला. वाटलं, कुणीतरी पडवी बांधतंय. वर चढून आले तर हनुमंत स्वतःच्याच घराचं दार फोडत होता. अंगात नवा सदरा, केसांना चापून तेल आणि हातात चार फुटी पहार. आत त्याची बायको दीपाली होती, बेचाळीस दिवसांचं लेकरू घेऊन. कडी तिनेच आतून घातली होती.

हनुमंतची आई तानुबाई अंगणात बसली होती. मांडीवर थोरली नात, चौदा महिन्यांची, आणि समोर झाकून ठेवलेली पुरणपोळ्यांची परात. दाराकडे तिची पाठ होती. घरात काही चाललेलंच नाही, अशा थाटात ती नातीला भरवत होती.

मी रेश्मा. या वस्तीची आशा कार्यकर्ती. बाळंतिणीच्या घरी मला ठरलेल्या दिवशी जावं लागतं: तिसऱ्या, सातव्या, चौदाव्या, एकविसाव्या, अठ्ठाविसाव्या आणि शेवटी बेचाळिसाव्या. बाळाचं वजन घ्यायचं, आईला विचारायचं, फॉर्म भरायचा. अकरा वर्षं हेच करते आहे. कासार आंबोलीपासून वरच्या वाड्यांपर्यंत कुणाच्या घरात काय शिजतं ते मला ठाऊक असतं, असा माझा तोरा होता.

"ताई, आज जावा," तानुबाई मान न वळवता म्हणाली. "आज नवरा-बायकूचा दिस हाय. उद्या या वजनाला."

"दार का फोडतोय त्यो?"

"ती उगडंना म्हून. सकाळी न्हाऊ घातली, हिरव्या बांगड्या भरल्या, ग्वाड केलं. तवर बरी व्हती. ह्यानं कामावर सुट्टी काढली म्हनल्यावर आत गेली आन् कडी लावली. येड लागलंय."

हनुमंतने मला पाहिलं आणि पहार खाली टेकवली. त्याच्या चेहऱ्यावर राग होता. पण त्याहून जास्त होती ती तक्रार. माझ्याकडे दाद मागावी तसा तो बोलला.

"ताई, तुमीच सांगा तिला. बेचाळीस झाले का न्हाई?"

दाराशेजारी पत्र्यावर कोळशाच्या रेघा होत्या. पाच-पाचच्या जुड्या, आणि शेवटी दोन सुट्या. त्या रेघा मी आधी पाहिल्या होत्या आणि पाहून मला बरं वाटलं होतं.

त्याचं असं झालं. थोरली झाली तेव्हा हनुमंत विसाव्या दिवशीच बायकोजवळ गेला. पुढेही गेला, तिचं हो-नाही कोण विचारतो? चौथ्या-पाचव्या महिन्यात दीपाली पुन्हा गरोदर. अंगात रक्त आठ. दुसऱ्या बाळंतपणात तिला दोन बाटल्या रक्त चढवलं, टाके पडले, आणि डॉक्टर मला बाजूला घेऊन म्हणाल्या, लगेच तिसरं राहिलं तर ही वाचेल याची खात्री नाही. तांबी तेव्हाच बसवता आली असती, पण सासू नको म्हणाली, नवरा नको म्हणाला आणि दीपाली गप्प बसली. म्हणून चौदाव्या दिवशी मी हनुमंतला बंगल्यावर गाठलं. शनिवार-रविवारी येणाऱ्या कुणा पुणेकराच्या बागेचं तो बघतो. गवत कापायचं मशीन बंद करून त्याने विचारलं, "कवापतोर, ताई?"

मला पुढे सहा घरं होती आणि वरून ऑफिसचा फोन वाजत होता. मी म्हटलं, "बेचाळीस दिवस. त्याआदी हात लावलास तर पोलिसात देईन."

झालं. एवढंच. नंतर काय, जखम भरली का कुणी बघायचं, गोळी की इंजेक्शन, तिची इच्छा असेल की नसेल, यातलं एक अक्षर नाही. आकडा दिला की पुरुषाला लगाम बसतो, असं मला वाटलं. अठ्ठाविसाव्या दिवशी रेघा दिसल्या तेव्हा मी दीपालीला हसून म्हणालेही, "बग, मोजतोय बिचारा." ती हसली नाही. मी तानुबाईसमोरच विचारलं, "टाके दुकत्यात का गं?" तिने मान हलवली, नाही म्हणून. मी फॉर्मवर टिक केली आणि निघाले. सासूसमोर कुठली सून हो म्हणणार, एवढी अक्कल मला अकरा वर्षांत यायला हवी होती.

"सव्वा महिना झाला तवाच समदे म्हनत व्हते, झालं आता," हनुमंत सांगत होता. "मी म्हनलं, न्हाई. ताईनं बेचाळीस सांगितल्यात. सरकारचा नियम हाय. चार दिस आनखी थांबलो. चहाच्या टपरीवर हासली मला पोरं. तरी थांबलो. आता काय ऱ्हायलं?"

आतून दीपालीचा आवाज आला. घोगरा, पण ठाम. "ताई, त्याला सांगा, आत आला तर मारीन."

"ऐकलंत? नवऱ्याला मारनार!" त्याने पहार उचलली.

"हनुमंता, थांब. तिची जखम भरल्याबिगर..."

"मग बेचाळीस कशाला सांगितलं?" तो ओरडला आणि पहार दारावर आदळली. खालची बिजागरी तुटली. बाळ किंचाळायला लागलं. तानुबाईच्या मांडीवरची थोरलीही रडू लागली. शेजारच्या दोन बाया कुंपणापाशी आल्या आणि तिथेच उभ्या राहिल्या. दुसऱ्याच्या नवरा-बायकोत कोण पडतो?

मी पुढे होऊन त्याचा दंड धरला. त्याने कोपर मारलं. माझा ओठ फाटला, रक्ताची खारट चव तोंडात आली, आणि खरं सांगते, त्या क्षणी मी सगळं प्रशिक्षण विसरले. वजनकाट्याची पिशवी दोन्ही हातांनी फिरवून मी त्याच्या पाठीत हाणली. लोखंडी काटा होता. तो कळवळला, वळला आणि मला अशी थोबाडीत दिली की मी पुरणपोळ्यांच्या परातीवर जाऊन आदळले.

तिसऱ्या घावाला दार आत पडलं.

मी उठून धावले तेव्हा तो आत शिरला होता. दीपाली कोपऱ्यात होती. बाळ मागे गोधडीवर आणि हिच्या हातात गवताचा कोयता. हिरवी साडी, हिरव्या बांगड्या. चेहरा पांढराफटक, आणि दोन्ही पायांवर भार टाकता येत नाही तशी ती एका कुशीवर कलून उभी होती. हे मी अठ्ठाविसाव्या दिवशी पाहायला हवं होतं.

"ठिव त्यो कोयता."

"भायेर हो."

त्याने तिचे केस धरले आणि तिला खाली ओढलं. तिचं डोकं खांबावर आपटलं. बांगड्या फुटल्या, मनगटात घुसल्या. त्याने तिच्या कमरेत लाथ घातली आणि दीपाली जी ओरडली, ती तशी बाळंत होतानाही ओरडली नव्हती. मी त्याच्या पाठीवर लटकले, सदरा फाटला, तो मला झटकत होता, आणि त्याचा डावा हात पुन्हा तिच्याकडे गेला. तेव्हा तिने जमिनीवरूनच कोयता चालवला.

कोपराच्या खाली पडला वार. चांगला वीतभर. आधी काहीच दिसलं नाही, मग एकदम रक्त. हनुमंत हाताकडे बघत राहिला, आणि एवढा थोराड गडी भिंतीला टेकून बसला.

"आई गं," तो म्हणाला. "कापलं की गं हिनं."

तानुबाई आत आली. बसलेल्या पोराला पाहून तिने छाती पिटायला सुरुवात केली आणि दीपालीला मारायला धावली. मी आडवी आले. "मावशे, एक पाऊल पुढं आलीस तर त्याच्याआदी तुला पोलिसाच्या जिपीत बांदून नेईन," मी म्हटलं. माझ्या हनुवटीवरून रक्त गळत होतं. ती थांबली. मग पदर फाडून मी हनुमंतच्या हातावर करकचून आवळला. राग डोक्यात होता तरी हात आपलं काम करत होते.

दीपाली उठत नव्हती. मी तिच्याजवळ बसले. तिने माझ्या कानात सांगितलं, तेव्हाही तिची नजर सासूवर होती. "खाली इसाव्या दिसापासनं सल हाय. पू येतुया. पान्याचे हंडे आनले आन् टाका तुटला. बसाया न्हाई येत. त्यानं नुसता हात लावला तरी मरंन मी, ताई."

बेचाळीस म्हणजे काय सांगितलं होतं मी या बाईच्या नवऱ्याला!

जयसिंग दुधाची पिकअप घेऊन खाली पौडला निघालाच होता. त्याला थांबवलं. पुढे दीपाली, बाळ आणि मी. मागे कॅनच्या मध्ये हनुमंत, हात वर धरून, आणि त्याची आई. थोरली शेजारणीकडे राहिली. मारणारा आणि मार खाणारी एकाच गाडीतून एकाच दवाखान्यात. दुसरी गाडी होती कुठे? रस्त्यातल्या प्रत्येक खड्ड्याला दीपाली दोन्ही हातांनी सीट धरून अंग उचलायची. मागून हनुमंत विव्हळत होता.

सरकारी दवाखान्यात त्याला ड्रेसिंगच्या खोलीत नेलं आणि हिला पडद्याआड. प्रिया सिस्टर माझ्या ओळखीची. तिने तानुबाईला बाहेर बाकावर बसवलं, दार लोटलं आणि दीपालीला पहिल्यांदा विचारलं, "मी बघितलं तर चालेल का? दुखलं की सांग, मी थांबेन." दीपालीने माझ्याकडे पाहिलं. असं तिला आजवर कुणी विचारलं नसावं.

डॉक्टर बाई आल्या. टाक्यांची जागा एका बाजूला उघडली होती, कडा लाल, पू. लाथेने आत काही झालं नव्हतं, पण डोक्याला टेंगूळ आणि मनगटात काचा. जखम धुतली, औषधं लिहिली: सात दिवस गोळ्या, दिवसातून दोनदा कोमट पाण्यात बसायचं, जागा कोरडी ठेवायची, हंडा-घागर बंद, दोन आठवड्यांनी पुन्हा दाखवायचं.

"मग त्यानंतर..." दीपालीचा आवाज उतरला. "त्यानंतर त्याला ना म्हनता येनार न्हाई का?"

डॉक्टर बाईंनी हातमोजे काढले आणि स्टूल ओढून समोर बसल्या. "सहा आठवडे हा तपासणीचा दिवस असतो. परवानगीचा नाही. रक्त जायचं थांबलं पाहिजे, जखम पूर्ण भरली पाहिजे आणि तुला वाटलं पाहिजे. तिन्ही. जखम भरली तरी सुरुवातीला दुखू शकतं. अंगावर पाजतेस म्हणून कोरडेपणा असतो, त्याला वंगणाची जेली मिळते. पण दुखलं की थांबायचं. आणि तुला वाटत नसेल, तर कितीही दिवस झाले तरी नाही."

"आन् पोटूशी ऱ्हायले तर?"

"त्याचं आज करून टाकू. पाळी अजून आली नाही म्हणून राहत नाही, असं समजू नकोस. मागच्या वेळी तसंच झालं ना?" तांबी, गोळ्या, इंजेक्शन, सगळं त्यांनी सांगितलं. तांबी जखम आणि संसर्ग असताना नको. ‘छाया’ नावाची गोळी चालते, पण ठरलेले वार आठवणीने पाळायचे, आणि घरात गोळ्यांचं पाकीट सापडणार. ‘अंतरा’ नावाचं इंजेक्शन तीन महिन्यांतून एकदा; पाजणाऱ्या आईला सहा आठवड्यांनंतर देता येतं. "आज बेचाळीस दिवस झालेत ना? मग आज देता येईल. दूध आटत नाही. पाळी मागेपुढे होते, कधी थेंब-थेंब जातं, कधी बंदच होते, घाबरायचं नाही. पुढे मूल हवंसं वाटलं तर बंद केल्यावर काही महिने लागतात."

मी भिंतीला टेकून ऐकत होते आणि मला माझीच लाज वाटत होती. बेचाळीसचा खरा उपयोग हा होता. हे दोन वाक्यांत मला त्या बंगल्याच्या गवतावर उभं राहून सांगता आलं असतं.

"ह्ये घेतलं तर त्यो म्हनंल, आता काय अडचन हाय?" दीपाली म्हणाली.

"इंजेक्शनने मूल राहत नाही, बाई. तुझी जखम आणि तुझं मन त्याने बदलत नाही. म्हणायला आला तर हेच सांग."

प्रिया सिस्टरने रक्तदाब पाहिला आणि इंजेक्शन भरलं. दीपालीने स्वतःच पदर बाजूला करून दंड पुढे केला. सासूला विचारू का, नवऱ्याला विचारू का, असं तिने म्हटलं नाही आणि आम्हीही म्हटलं नाही.

शेजारच्या खोलीत हनुमंतला नऊ टाके पडले. बधिर करायचं इंजेक्शन देऊनही तो गुरासारखा ओरडला. मारामारीची जखम, म्हणून पोलिसांना कळवावं लागतं. वहीत लिहिणाऱ्या डॉक्टरने विचारलं, कसं लागलं? हनुमंत म्हणाला, "गवत कापताना." बायकोने कापलं हे सांगायची त्याला चोरी.

दीपाली दारात येऊन उभी होती. "खोटं हाय," ती म्हणाली. "कोयता मी मारला. का मारला त्येबी लिवा. दार फोडून आला, केस धरले, लाथ मारली. ताईचा ओठ बगा."

"गप ए!" तानुबाई बाकावरून उठली. "घरची अब्रू..."

"मावशे, बस," मी म्हटलं. हवालदार आला तेव्हा मीही जबाब दिला, सगळा. बेचाळीस दिवसांचा आकडा कुणी दिला, तेही लिहायला लावलं. हवालदाराला त्याचं काय करायचं कळेना, पण त्याने लिहिलं.

संध्याकाळचं ऊन व्हरांड्यात आलं होतं. हनुमंत झोळीत हात अडकवून बाकावर बसला होता. डॉक्टर त्याला सांगून गेले होते: दहा दिवसांनी या, भरलं असेल तर टाके काढू, नसेल तर नाही, तोवर मशीन धरायचं नाही, वजन उचलायचं नाही. यावर त्याने एका शब्दाने वाद घातला नव्हता. मुकाट मान डोलवली होती. मला पाहिल्यावर तो उठला.

"ताई, मग आता किती? एकदाच खरा आकडा सांगा. मी त्येवढं थांबतो."

माझी जीभ शिवशिवली. तीन महिने म्हणावं, सहा म्हणावं, वर्ष म्हणावं. म्हटलं असतं तर त्याने पुन्हा रेघा मारल्या असत्या आणि शेवटच्या रेघेला पुन्हा नवा सदरा घातला असता.

"माज्याकडं आकडा न्हाई," मी म्हटलं. "कधीच नव्हता. मी चुकले. तिला इचार."

दीपाली समोरच्या बाकावर एका कुशीवर बसून बाळाला पाजत होती. तो तिच्यापुढे जाऊन उभा राहिला. लग्नाला तीन वर्षं झाली, दोन लेकरं झाली, आणि बायकोला प्रश्न कसा विचारतात ते या माणसाला ठाऊक नव्हतं. टाक्यांच्या जागी कळ आली असावी, कारण त्याने दुसऱ्या हाताने झोळी दाबून धरली. मग तो म्हणाला, "दुकतंय का गं?"

"व्हय."

"लई?"

"लई. इसाव्या दिसापासनं."

"बोलली न्हाईस."

"तू कवा इचारलंस?"

तो रडू लागला. मला त्याची कीव आली आणि लगेच माझ्या सुजलेल्या ओठाने ती घालवली. एक प्रश्न विचारला म्हणून कुणी सुधारत नाही. लाथ मारून चार तास झाले नव्हते.

दीपालीने बाळाला खांद्यावर घेतलं, पाठ थोपटली, ढेकर काढला. "मी आईकडं चाललेय," ती म्हणाली. "थोरलीला ताई उद्या आनून देतील. यायचं का न्हाई त्ये माजं मी ठरवीन."

"कवा येशील?" तो म्हणाला.

ती उठली. औषधांची पिशवी मी घेतली. स्टँडपर्यंत पाच मिनिटांची वाट, आम्हाला वीस मिनिटं लागली. मी दोनदा मागे पाहिलं. हनुमंत दवाखान्याच्या पायरीवर उभा होता, आई त्याची बाही ओढत होती, पण तो आमच्या मागे आला नाही. दीपालीने एकदाही मागे पाहिलं नाही. एसटीत सीटवर तिला बसता येईना, म्हणून गाडी सुटेपर्यंत ती एका हाताने बाळ आणि दुसऱ्याने दांडा धरून उभीच राहिली.